‘स, ला, ते’ दोनदा पाठ का करायला लावलं?

माझी मावसबहीण सांगलीत नर्सिंग करून आता जर्मन शिकते आहे. परवा तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पानावर दोन वाक्यं होती. पहिलं ‘इश झेहे देन मान’, म्हणजे मी त्या माणसाला बघते. त्यावर बरोबरची खूण. दुसरं ‘इश हेल्फे देन मान’, म्हणजे मी त्या माणसाला मदत करते. यातल्या ‘देन’ला लाल गोल, आणि वर बाईंनी लिहिलेलं ‘देम’. खाली बहिणीचा प्रश्न: “ताई, दोन्हीकडे ‘माणसाला’च आहे ना? मग एकदा देन आणि एकदा देम का?”

हा प्रश्न सध्या बऱ्याच घरांत विचारला जात असणार. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीचं उद्दिष्ट १०,००० जणांचं होतं. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर असे लोक त्यासाठी जर्मन शिकायला बसले. त्यातले बहुतेक जण जर्मन शिकतात ते इंग्रजीच्या वाटेने. पुस्तकात इंग्रजी अर्थ, व्याकरणाची नावं इंग्रजीत. माझ्या मते इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. इंग्रजीत नामांना लिंग उरलेलं नाही आणि विभक्तीही जवळजवळ गेलेली आहे. आपल्याकडे दोन्ही शाबूत आहेत. हिंदीत नपुंसकलिंग नाही, मराठीत आहे, गुजराती-कोकणीत आहे आणि जर्मनमध्येही आहे. जर्मनला जे लागतं त्याचा बराचसा माल आपल्या घरात आधीपासून पडून आहे.

## टेबल पुरुष कसं झालं?

आपल्या तो, ती, ते यांच्या जागी जर्मनमध्ये देर, दी, दास हे तीन शब्द आहेत. नामाच्या आधी यांतला एक जवळपास नेहमी येतो. देर मान म्हणजे तो पुरुष, दी फ्राउ म्हणजे ती बाई, दास किंट म्हणजे ते मूल. इथपर्यंत सगळे खूश असतात. पुढे देर टिश येतं, म्हणजे टेबल पुल्लिंगी, आणि वर्गात कुणीतरी विचारतंच की टेबलात पुरुषासारखं काय आहे.

काहीच नाही. लिंग वस्तूला नसतं, शब्दाला असतं. हे मराठी माणसाला पटवायला एक दार पुरे. त्याच चौकटीतल्या त्याच फळीला आपण ‘ते दार’ म्हणतो आणि दुसऱ्या श्वासात ‘तो दरवाजा’ म्हणतो. फळी तीच राहिली, शब्द बदलला, म्हणून लिंग बदललं. वाट ती, रस्ता तो. जर्मनमध्ये चारचाकी गाडीला आउटो म्हटलं तर ती दास आणि वागेन म्हटलं तर देर.

आता जर्मनची सर्वांत बदनाम गोष्ट. मुलगी म्हणजे मेडशेन, आणि तिला लागतं दास! मुलगी नपुंसकलिंगी कशी, म्हणून जगभरचे विद्यार्थी कपाळावर हात मारतात. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या लोकांनी मात्र मारू नये. कोकणीत मुलगी म्हणजे ‘तें चेडूं’, आणि मालवणीतही चेडू नपुंसकच. घाटावरही ‘ते पोरगं’, ‘ते लेकरू’ म्हणताना मुलगा की मुलगी हे कुणी बघत नाही. जर्मनमध्ये याचं कारण शब्दाच्या शेपटीत आहे. ‘-शेन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय ज्याला लागेल तो शब्द नपुंसक होतो, मूळ लिंग काहीही असो. मांजर, म्हणजे कात्से, दी आहे; मांजराचं पिल्लू, केत्सशेन, दास. मेडशेन हा शब्दही मोलकरीण या अर्थाच्या ‘माग्ट’ या स्त्रीलिंगी शब्दाला ‘-शेन’ लागून झाला आहे.

अशा शेपट्या आपल्याकडेही आहेत. शेवटी ‘आ’ असेल तर बहुधा तो (घोडा, डबा), ‘ई’ असेल तर बहुधा ती (घोडी, डबी), आणि अनुस्वाराचा ‘अं’ असेल तर ते (केळं, पोरगं). जर्मनमध्ये ‘-उंग’, ‘-हाइट’, ‘-काइट’, ‘-शाफ्ट’ अशा शेवटाचे शब्द दी असतात. वर्तमानपत्र म्हणजे त्साइटुंग, म्हणून दी त्साइटुंग. वारांची आणि महिन्यांची नावं देर. जोडशब्द असेल तर शेवटच्या तुकड्याचं लिंग लागतं. घर म्हणजे दास हाउस, दार म्हणजे दी ट्यूर, म्हणून घराचं दार दी हाउसट्यूर. आपल्या देवघरासारखंच: देव तो असला तरी देवघर ते, कारण घर ते.

पण दगड, भिंत आणि घर हे तीन शब्द घ्या. तिन्ही व्यंजनावर संपतात आणि तिन्हींची लिंगं वेगळी. कुठल्याही नियमाने ती सांगता येत नाहीत. जर्मनमध्ये असे शब्द भरपूर आहेत. चमचा देर ल्योफेल, काटा दी गाबेल, सुरी दास मेसर. एका ताटाशेजारी ठेवलेल्या तीन वस्तू, तीन लिंगं, कारण शून्य.

यावर एक रास्त आक्षेप येतो: “आम्ही मराठीची लिंगं कधी पाठ केली नाहीत. मग जर्मनची का करायची?” कारण मराठीत लिंग एका वाक्यात चार-चार ठिकाणी वाजत असतं. ‘माझी जुनी भिंत पडली.’ माझी, जुनी आणि पडली, तीन शब्द ओरडून सांगतात की भिंत ती आहे. जर्मन क्रियापद लिंग दाखवत नाही. तो गेला आणि ती गेली याला एकच रूप. लिंगाचा बहुतेक भार नामाआधीच्या त्या छोट्या शब्दावर पडतो. म्हणून वहीत नुसतं ‘टिश’ लिहू नये, ‘देर टिश’ असंच लिहावं. माझी बहीण देरला निळं, दीला लाल आणि दासला हिरवं पेन वापरते. वही रंगपंचमीसारखी दिसते, पण उपयोग होतो.

आणि जर्मन माणसांचंही सगळं ठरलेलं असतं असं नाही. आपल्याकडे पेन कुणाचा ‘तो’ असतो, कुणाचं ‘ते’. तसंच ईमेलला जर्मनीत बहुतेक जण दी म्हणतात, पण दक्षिणेत आणि ऑस्ट्रियात दास म्हणणारेही सापडतात.

## शेपटी आणि टोपी

आता विभक्ती. वाक्यात नामाचं काम काय, ते दाखवणारी खूण म्हणजे विभक्ती. शाळेत यापेक्षा अवघड व्याख्या होती. इथे एवढी पुरे.

‘कुत्रा माणसाला चावतो’ आणि ‘माणसाला कुत्रा चावतो’. शब्दांची जागा बदलली, तरी चावणारा कुत्राच राहिला, कारण ‘ला’ माणसाला चिकटलेला आहे. इंग्रजीत जागा बदलली की माणूस कुत्र्याला चावू लागतो. जर्मन या बाबतीत आपल्या बाजूची आहे. ‘देर हुंट बाइस्ट देन मान’ आणि ‘देन मान बाइस्ट देर हुंट’, दोन्हीत कुत्राच चावतो. वाक्य ‘देन मान’ने सुरू झालं तरी ‘देन’ सांगतो की हा चावला गेलेला आहे.

फरक एवढाच की मराठीत खूण शेवटी लागते आणि जर्मनमध्ये पुढे. आपली विभक्ती ही नामाची शेपटी, त्यांची विभक्ती ही नामाची टोपी. मान हा शब्द जसाच्या तसा राहिला. देरचं देन झालं. मराठीत ‘ला’ लागताना खुद्द नामही वाकतं: मुलगा, पण मुलाला, घोडा, पण घोड्याला. याला आपण सामान्यरूप म्हणतो. जर्मन नाम बहुधा असं वाकत नाही. थोडी पुल्लिंगी नामं मात्र वाकतात, आणि नर्सच्या नशिबाने त्यातलं एक पेशंट आहे. देर पात्सिएंट, पण देन पात्सिएंटेन. ते ‘-एन’ म्हणजे त्या शब्दाचं सामान्यरूप समजा.

शाळेत आपण प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठ विभक्त्या शिकलो. जर्मनमध्ये चारच: प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. षष्ठीकडे नंतर येऊ. बाकीच्या तीन अशा:

| | तो | ती | ते | अनेकवचन |
|---|---|---|---|---|
| प्रथमा | देर | दी | दास | दी |
| द्वितीया | देन | दी | दास | दी |
| चतुर्थी | देम | देर | देम | देन |

हा तक्ता बघून लोकांना धडकी भरते, विशेषतः चतुर्थीच्या ओळीतलं ‘देर’ बघून. आत्ताच तर देर पुल्लिंगी होता, तो बाईच्या डोक्यावर कसा बसला? तर मराठीतला ‘त्या’ घ्या. ‘त्या बायका आल्या’ यात तो स्त्रीलिंगी अनेकवचन आहे. ‘त्या मुलाला बोलाव’ यात एकवचनी पुल्लिंगी. एकच शब्द दोन नोकऱ्या करतो आणि आपला कधी गोंधळ होत नाही, कारण शेजारचे शब्द बघून आपण तो ओळखतो. जर्मन माणूसही ‘देर फ्राउ’ ऐकलं की फ्राउ पुल्लिंगी नाही हे जाणतो, आणि म्हणून ही चतुर्थी आहे हेही जाणतो. ‘दी’चं तसंच. एक बाईही दी आणि पुष्कळ मुलंही दी. आपलं ‘ती’ बघा: ती मुलगी आणि ती मुलं.

तक्त्यात तो आणि ते यांची चतुर्थी एकच आहे, देम. हेही आपल्या ओळखीचं आहे. तो मुलगा, ते मूल. पण ‘ला’ लावताच दोघांचं ‘त्याला’. ती मात्र वेगळी राहते, ‘तिला’. जर्मन सर्वनामांत त्याला म्हणजे ईम, पुल्लिंगी असो वा नपुंसक. आणि तिला म्हणजे ईअर. दोन्ही भाषांत पुरुष आणि नपुंसक खालच्या मजल्यावर एकाच खोलीत राहतात.

उरला एकच बदल: द्वितीयेत फक्त पुल्लिंग हलतं, देरचं देन. दी आणि दास जागचे हलत नाहीत. म्हणजे देन की देम हा प्रश्न खऱ्या अर्थाने फक्त पुल्लिंगी नामांत पडतो. माझ्या बहिणीची चूकही तिथलीच होती.

## एका ‘ला’चे दोन तुकडे

आता शाळेचं ते पान आठवा. द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते. प्रत्यय तेच. मी सातवीत विचारलं होतं की दोन्ही सारख्याच असतील तर नावं दोन कशाला. उत्तर आलं, “पाठ कर.” खरं उत्तर असं की संस्कृतात ही दोन वेगळी रूपं होती. मराठीत ती एका ‘ला’त मिसळली, पण कामं दोनच राहिली. ज्याच्यावर क्रिया घडते तो द्वितीयेत, ज्याला काही मिळतं किंवा ज्याच्यासाठी काही होतं तो चतुर्थीत. जर्मनमध्ये रूपंही अजून वेगळी आहेत: पहिल्याला देन, दुसऱ्याला देम. आपल्या ‘कोणाला?’ या एका प्रश्नाचेही तिथे दोन शब्द होतात, वेन आणि वेम. शेवटचा न किंवा म लक्षात ठेवला की काम होतं, कारण ‘एका’साठीच्या आइनेन-आइनेम या जोडीतही तोच न आणि म आहे.

दोन नामं असलेलं वाक्य सोपं. ‘बाई मुलाला सफरचंद देते.’ दिली जाणारी वस्तू सफरचंद, त्याला मराठीत प्रत्यय नाही. मिळवणारा मूल, त्याला ‘ला’. जर्मनमध्ये सफरचंद पुल्लिंगी आहे, देर आप्फेल. वाक्य होतं ‘दी फ्राउ गिब्ट देम किंट देन आप्फेल’. देणारी बाई प्रथमेत, दी. मूल नपुंसक आणि चतुर्थीत, म्हणून देम. सफरचंद पुल्लिंगी आणि द्वितीयेत, म्हणून देन. इथे सवयीने चुकण्याची एक जागा आहे. मराठीत निर्जीव वस्तूला ‘ला’ लागत नाही, ‘मी सफरचंद खातो’ म्हणतो, सफरचंदाला नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं की इथे विभक्तीच नाही आणि आपण ‘देर आप्फेल’ म्हणून मोकळे होतो. जर्मनमध्ये सजीव-निर्जीव हा भेद नाही. खाल्लेलं सफरचंदही देन आणि बघितलेला माणूसही देन.

हीच गोष्ट उलटी करून मी बहिणीला एक चाचणी दिली. वाक्यात ‘ला’ लागलेला माणूस असेल तर त्याच्या जागी निर्जीव वस्तू ठेवून बघायची. ‘मी माणसाला बघते’, आता ‘मी सिनेमा बघते’. ‘ला’ गळून पडला, म्हणजे ती द्वितीया होती, म्हणून देन. ‘मी माणसाला ओळखते’, ‘मी रस्ता ओळखते’. गळला, देन. आता ‘मी माणसाला मदत करते’. वस्तू ठेवा: ‘मी संस्थेला मदत करते’. ‘ला’ हटत नाही! ‘मी संस्था मदत करते’ असं कुणी म्हणणार नाही. म्हणजे ही चतुर्थी, म्हणून देम. इश हेल्फे देम मान. जर्मन पुस्तकांत हेल्फेन हे क्रियापद ‘चतुर्थी घेणाऱ्यांच्या’ यादीत पाठ करायला दिलेलं असतं. मराठी कानाला ते आधीच माहीत आहे.

## ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं

इथे तर मराठी माणसाची चैन आहे. ‘मला थंडी वाजते’ याला जर्मन म्हणते ‘मिअर इस्ट काल्ट’. मिअर म्हणजे चतुर्थीतलं मला. इंग्रजीवरून आलेला विद्यार्थी ‘मी थंड आहे’ या धर्तीवर ‘इश बिन काल्ट’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला तो भावनाशून्य माणूस असल्याची कबुली देतोय असं वाटू शकतं. ‘मला हे आवडतं’: ‘दास गेफेल्ट मिअर’. आवडणारी गोष्ट प्रथमेत, आपण चतुर्थीत, अगदी मराठीसारखं. ‘मला बरं नाही’: ‘मिअर गेट एस निश्ट गूट’. शर्ट ‘मला होतो’, पात्स्ट मिअर. वॉर्डात पेशंट दिवसभर जे बोलतो त्यातलं कितीतरी याच साच्यातलं असतं.

सगळंच जुळतं असं समजू नका मात्र. ‘मला भूक लागली’ याला ‘माझ्याकडे भूक आहे’ अशा घाटाचं वाक्य आहे, ‘इश हाबे हुंगर’, तिथे मी प्रथमेत. ‘मला माहीत आहे’ हेही ‘इश वाइस’, म्हणजे मी जाणतो. भूतकाळातही एक खड्डा आहे. ‘मुलाने पोळी खाल्ली’ यात आपला कर्ता ‘ने’ घेतो आणि क्रियापद पोळीच्या मागे जातं. जर्मन कर्ता भूतकाळातही प्रथमेतच बसून राहतो. हा खड्डा फक्त आठवणीत ठेवायचा. इथे मराठी उपयोगाची नाही.

## टेबलावर, म्हणजे नक्की कुठे?

तृतीया, पंचमी, सप्तमी जर्मनमध्ये नाहीत, मग ‘बसने’, ‘घरातून’, ‘टेबलावर’ कसं म्हणायचं? तिथे नामाच्या आधी एक छोटा शब्द येतो आणि तो ठरवतो की पुढे कुठली विभक्ती हवी. मिट, म्हणजे ने किंवा बरोबर, याला नेहमी चतुर्थी लागते: मिट देम बुस, बसने. ही सक्ती आपल्याला नवीन नाही. ‘समोर’ लावायचं तर घराचं सामान्यरूप करावंच लागतं, ‘घरासमोर’. ‘घरसमोर’ म्हणणारा माणूस परका आहे हे आपल्याला लगेच कळतं.

यातले नऊ छोटे शब्द मात्र दुहेरी आहेत. आत, वर, खाली, पुढे, मागे, शेजारी अशा जागा दाखवणारे हे शब्द कधी द्वितीया घेतात, कधी चतुर्थी. मराठीत ‘मी पुस्तक टेबलावर ठेवते’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’, दोन्हीकडे ‘टेबलावर’. जर्मनमध्ये ठेवताना ‘आउफ देन टिश’ आणि असताना ‘आउफ देम टिश’. जागा बदलून कुठे जायचं ते सांगताना देन, आधीच कुठे आहे ते सांगताना देम.

वर्गात हा नियम ‘हालचाल असेल तर देन’ असा सांगतात. तो नियम अर्धाच आहे आणि त्यानेच चुका होतात. ‘मी बागेत धावते’ हे घ्या. बाग म्हणजे देर पार्क. तुम्ही बागेतच असून आत चकरा मारत असाल तर धावत असूनही ‘इम पार्क’ म्हणायचं, म्हणजे इन अधिक देम. रस्त्यावरून धावत फाटकातून आत शिरत असाल तर ‘इन देन पार्क’. पाय दोन्हीकडे हलताहेत. प्रश्न असा विचारायचा: क्रियेने जागा बदलली का? आधी बागेबाहेर होतात आणि आता आत आहात का? हो असेल तर देन. मराठीत दोन्हींना ‘बागेत’ म्हणून आपण तो फरक ऐकणाऱ्यावर सोडतो. त्यामुळे इथे कान मदतीला येत नाही, दर वेळी थांबून विचार करावा लागतो. सहा महिने तरी.

## चा, ची, चे यांचा उलटा हिशेब

षष्ठी थोडक्यात, कारण बोलण्यात ती कमी येते. ‘शिक्षकाची पिशवी’, ‘शिक्षकाचा डबा’. आपल्या प्रत्ययाचं तोंड वस्तूकडे असतं. पिशवी ती म्हणून ‘ची’, डबा तो म्हणून ‘चा’. जर्मन षष्ठीचं तोंड मालकाकडे असतं. शिक्षक पुल्लिंगी म्हणून ‘देस लेरर्स’, पिशवी असो की डबा. शिक्षिका असेल तर ‘देर लेररिन’. म्हणून मराठी विद्यार्थी पिशवीचं लिंग बघून मालकाच्या टोपीला हात घालतो आणि फसतो. ‘माझा, माझी, माझं’ मात्र आपल्यासारखंच वस्तूकडे बघतं: माइन फाटर माझे वडील, माइने मुटर माझी आई. रोजच्या बोलण्यात लोक पुष्कळदा षष्ठी टाळून ‘फॉन’ लावून चतुर्थी वापरतात, ‘फॉन देम लेरर’. तिथेही आपला देमच.

## चुकलं तर बिघडतं कुठे?

हा शेवटचा आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. देर-दी चुकलं म्हणून कुणाला अर्थ कळत नाही असं होत नाही. ‘माझा आई आला’ म्हणणारा परदेशी माणूस आपल्याला कळतोच. फक्त आपण मनात हसतो. सुरुवातीला तोंड बंद ठेवण्यापेक्षा चुकीचं लिंग घेऊन बोललेलं बरं.

पण देन-देम काही ठिकाणी अर्थच फिरवतो. बहिणीच्या कामातलंच उदाहरण. ‘इश हेल्फे देम पात्सिएंटेन’ म्हणजे मी त्या पेशंटला मदत करते. एक पेशंट. आता देमचं देन करा: ‘इश हेल्फे देन पात्सिएंटेन’. हे वाक्यही शुद्ध आहे, पण तक्त्यातला चतुर्थीचा शेवटचा रकाना बघा. देन इथे अनेकवचन आहे. म्हणजे मी सगळ्या पेशंटांना मदत करते. एका ‘म’चा ‘न’ झाला आणि एका खाटेची जबाबदारी वॉर्डभर पसरली.

बहिणीने सिनेमाची चाचणी दोन दिवस वापरली आणि तिसऱ्या दिवशी मला फोन करून पकडलं. “ताई, ‘मी आईला फोन करते’. तुझ्या चाचणीने वस्तू ठेवली. ‘मी ऑफिसला फोन करते’. ला हटत नाही. मग चतुर्थी ना? बाईंनी चूक दिली.” बाई बरोबर होत्या. फोन करणे, आनरूफेन, याला द्वितीया लागते. विचारणे, फ्रागेन, यालाही द्वितीया लागते, आणि तिथेही आपला कान चतुर्थी सांगतो. ही दोन वेगळी पाठ कर म्हटलं.

मग तिला हेही सांगितलं की जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आणि स्वित्झर्लंडमध्ये लोक बोलताना आनरूफेनला सर्रास चतुर्थी लावतात. ‘इश रूफे दिअर आन’, तुला फोन करते, यातला ‘दिअर’ चतुर्थीतला. पुस्तकात ते चूकच. बाडेन-व्युर्टेमबेर्ग बरोबर त्याच कोपऱ्यात आहे. ती म्हणाली, “म्हणजे परीक्षेत देन लिहायचं आणि तिथे पोचले की पुन्हा सांगलीसारखं बोलायचं?”